डिपरच्या पलीकडचा माणूस

डिसेंबरातल्या पहाटे साडेचारला गढीहून माजलगावकडे निघालं की ऊसतोडीच्या टायरगाड्या भेटतात. चार, पाच, कधी दहा गाड्यांची रांग रिकामी फडाकडे चाललेली असते. बैलांच्या गळ्यातल्या घुंगरांचा आवाज बंद काचेतून ऐकू येत नाही. गाडीला दिवा नसतो. गाडीवान घोंगडी पांघरून जुवाजवळ बसलेला असतो. मागून दोन-तीन बायका भाकरीचं गाठोडं आणि कोयता घेऊन डांबराच्या कडेने चालत असतात, अंगात वरून नवऱ्याचा जुना गडद शर्ट. बीड जिल्ह्यातून दरवर्षी काही लाख माणसं सांगली, कोल्हापूर, सातारा, बेळगावकडे तोडीला जातात. जी जात नाहीत, ती इथल्याच गोदाकाठच्या उसात राबतात. रस्ता कुठलाही असो, त्यांचं चालणं बहुतेक अंधारात असतं.

अशा रस्त्यावर मागून ताशी ८० किलोमीटरने येणाऱ्या कारच्या चालकाला ही बाई केव्हा दिसते, आणि रात्री पाहणारा कॅमेरा असता तर केव्हा दिसली असती? महागड्या गाड्यांच्या माहितीपत्रकात या प्रश्नाला ‘तीनशे मीटर’ असं एका आकड्याचं उत्तर असतं. तो आकडा खोटा नाही, पण त्याने फारसं काही कळतही नाही. हा कॅमेरा किती लांबचं पाहतो हे त्या पहाटेची थंडी, माणसामागे काय आहे आणि चित्रात माणसाच्या वाट्याला किती ठिपके येतात यावर ठरतं.

डिपर कुठवर जातो

समोरून वाहन येत असताना आपण अप्पर बंद करून डिपरवर येतो, निदान यायला हवं. समोरच्याच्या डोळ्यांत प्रकाश जाऊ नये म्हणून डिपरचा झोत मुद्दाम खाली झुकवलेला असतो. साधारण शंभर मीटरला एक मीटर असा तो उतार. दिवा जमिनीपासून ६५ सेंटिमीटरवर असेल तर झोताची वरची कड ६५ मीटरवर रस्त्याला टेकते. त्यापुढे जे जातं तो सांडलेला उजेड. आपण डावीकडून गाडी चालवतो म्हणून झोताची डावी बाजू थोडी वर उचललेली असते आणि डाव्या कडेचा माणूस जरा लवकर दिसतो. उजवीकडून रस्ता ओलांडणारा मात्र दुहेरी अडचणीत असतो. तिकडे झोत तोकडा, आणि समोरच्या गाडीचा लखलखाटही त्याच बाजूने डोळ्यांत येत असतो.

गडद कपड्यातल्या माणसाचे आधी फक्त पाय उजळतात. झोत ६५ मीटरवर पोहोचला तरी ‘तिथे माणूस आहे’ हे डोळ्याला उमगेपर्यंत अंतर ४५ मीटरवर आलेलं असणं सहज शक्य आहे. आता हिशेब करू. ताशी ८० म्हणजे सेकंदाला २२ मीटर. दिसल्यापासून ब्रेकवर पाय दाबला जाईपर्यंत दीड सेकंद धरला तर तेवढ्यात ३३ मीटर गेले. कोरड्या डांबरावर चांगल्या टायरांनी करकचून ब्रेक लावला तरी गाडी थांबायला आणखी ३५ मीटर लागतात. एकूण ६८. हातात होते ४५. म्हणजे ब्रेकसाठी उरतात १२ मीटर, आणि त्या बाईपाशी पोहोचताना गाडीचा वेग अजून ताशी ६५ च्या आसपास असतो. चालक दारू प्यालेला नाही, पेंगुळलेला नाही, त्याच्या हातात मोबाइल नाही. त्याची एकच चूक आहे. डिपरला दिसतं त्याहून जास्त वेगाने तो जातो आहे, आणि ती चूक या रस्त्यावरचे बहुतेक सगळेच करतात.

भारतात २०२२ साली रस्त्यावर १,६८,४९१ माणसं मेली. त्यांत ३२,८२५ पायी चालणारी होती. कारने आपणहून ब्रेक लावण्याची यंत्रणा हा यावरचा उपाय म्हणून आता इथेही विकला जातो, पण ती यंत्रणा ज्या साध्या कॅमेऱ्याने पाहते त्यालाही उजेडच लागतो. अमेरिकेतल्या महामार्ग सुरक्षा विमा संस्थेने २०२२ मध्ये प्रत्यक्ष अपघातांची नोंद तपासली. पादचारी ओळखून ब्रेक लावणाऱ्या गाड्यांनी माणसाला धडकण्याचं प्रमाण एकंदरीत २७ टक्क्यांनी कमी निघालं, पण दिवे नसलेल्या अंधाऱ्या रस्त्यांवर या गाड्यांत आणि साध्या गाड्यांत काही फरकच आढळला नाही. बीडचे बहुतेक रस्ते याच दुसऱ्या प्रकारात मोडतात. उष्णता पाहणाऱ्या कॅमेऱ्याची चर्चा पुन्हा सुरू होण्याचं कारण हेच आहे.

दोन जातीचे डोळे

‘नाइट व्हिजन’ या एकाच नावाखाली दोन वेगळ्या यंत्रणा विकल्या जातात. त्यांची गल्लत झाली की पुढचं सगळंच चुकतं.

पहिली यंत्रणा डोळ्याला न दिसणारा उजेड स्वतः टाकते. हेडलाइटजवळ अवरक्त दिवा असतो. त्याचा उजेड तांबड्या रंगाच्या जरा पलीकडचा, त्यामुळे समोरच्याचे डोळे दिपत नाहीत आणि तो अप्परसारखा लांब टाकता येतो. काचेमागचा कॅमेरा परत आलेला उजेड टिपून काळंपांढरं चित्र दाखवतो. मर्सिडीजने २००५ च्या एस-क्लासमध्ये हा मार्ग घेतला. चित्र ओळखीचं वाटतं, रस्त्यावरचे पट्टे आणि पाट्याही दिसतात. पण पल्ला दिव्याच्या ताकदीइतकाच राहतो, साधारण दीडशे मीटर. शिवाय समोरच्या गाडीच्या हेडलाइटमध्येही अवरक्त उजेड भरपूर असतो, त्यामुळे हा कॅमेरासुद्धा दिपतो. ट्रक अप्परवर ठेवूनच पळवायची सवय जिथे आहे, तिथे ही मोठी अडचण आहे.

दुसरी यंत्रणा काहीच टाकत नाही. वस्तू स्वतः जी उष्णता बाहेर फेकते तेवढीच ती पाहते. माणसाच्या चेहऱ्याची त्वचा सुमारे ३३ अंशांवर असते. त्या तापमानाची वस्तू सर्वांत जास्त किरण साडेनऊ मायक्रॉन लांबीच्या आसपास फेकते. दिसणाऱ्या प्रकाशाच्या जवळपास वीसपट लांब अशी ही लहर. योगायोगाने ८ ते १४ मायक्रॉनच्या पट्ट्यात हवा बरीच पारदर्शक आहे, त्यामुळे हे किरण दूरवर पोहोचतात. त्यांना झेलणारी चकती म्हणजे हजारो सूक्ष्म पुलांची जाळी असते. एकेक पूल केसाच्या जाडीहूनही लहान आणि निर्वात डबीत अधांतरी टेकवलेला. किरण पडले की पूल किंचित तापतो, त्याचा विद्युतरोध बदलतो, आणि त्या बदलातून चित्राचा एक ठिपका तयार होतो. एका अंशाच्या विसाव्या भागाइतका फरकही चांगल्या चकतीला कळतो. समोरच्या हेडलाइटने ती दिपत नाही. तिच्या लेखी हेडलाइट म्हणजे एक कोमट भांडं.

या दुसऱ्या जातीची एक विचित्र अट आहे. साधी काच या किरणांना भिंतीसारखी आहे. म्हणून उष्णतेचा कॅमेरा कधीच विंडस्क्रीनमागे बसत नाही. तो पुढच्या जाळीत किंवा बंपरमध्ये, उघड्यावर बसतो आणि त्याचं भिंग बहुधा जर्मेनियम या धातूसदृश मूलद्रव्याचं असतं. जर्मेनियम महाग. त्याचा सर्वांत मोठा उत्पादक चीन, आणि ऑगस्ट २०२३ पासून चीनने त्याच्या निर्यातीवर परवान्याची अट घातली. ही यंत्रणा स्वस्त होता होता अडते, त्याचं एक कारण हे भिंग आहे.

कारमध्ये हा डोळा पहिल्यांदा आला तो कॅडिलॅकच्या डेव्हिल या गाडीच्या २००० च्या मॉडेलमध्ये. चित्र विंडस्क्रीनच्या खालच्या भागात उमटायचं आणि माणूस शोधायचं काम चालकाचंच असायचं. रस्ता पाहायचा की चित्र, हा पेच सुटला नाही आणि काही वर्षांत तो पर्याय बंद झाला. होंडाने २००४ मध्ये जपानमधल्या लेजेंड गाडीत पुढचं पाऊल टाकलं. उष्णतेचे दोन कॅमेरे बसवून त्यांच्या चित्रांतल्या फरकावरून अंतर काढायचं, आकारावरून माणूस ओळखायचा आणि चालकाला आवाजाने सावध करायचं. चालकाने पडद्याकडे पाहत बसायची गरज संपली. पुढे बीएमडब्ल्यू आणि ऑडीने ही रीत पक्की केली. पडद्यावर माणसाभोवती पिवळी खूण येते आणि तो वाटेत येतोय असं वाटलं की ती लाल होते. बीएमडब्ल्यूने तर ओळखलेल्या माणसावर नेमका उजेड टाकणारा वेगळा दिवाही जोडला, म्हणजे चालकाची नजर पडद्यावर न जाता रस्त्यावरच राहते. २०१३ च्या एस-क्लासमध्ये मर्सिडीजनेही आपल्या अवरक्त दिव्याच्या जोडीला उष्णतेचा कॅमेरा घेतला. दोन्ही वाटांनी निघालेले शेवटी उष्णतेपाशी आले.

तीनशे मीटरवरचा ठिपका

आता त्या तीनशे मीटरांकडे वळू. समजा कॅमेऱ्याच्या चित्रात आडवे ३२० ठिपके आहेत आणि तो समोरचा २४ अंशांचा पट्टा पाहतो. शंभर मीटरवर एक ठिपका सुमारे १३ सेंटिमीटर जागा व्यापतो. म्हणजे पाच फूट उंचीची बाई उभ्या बारा ठिपक्यांची आणि आडव्या तीन-चार ठिपक्यांची दिसते. तीनशे मीटरवर तीच बाई चार ठिपके उंच आणि जेमतेम एक ठिपका रुंद उरते. थंड पार्श्वभूमीवर तो ठिपका चकाकतो, त्यामुळे ‘दिसली’ हे म्हणणं खोटं नाही. पण ती बाई आहे, शेळी आहे की नुकतीच विझवलेली शेकोटी, हे त्या एका ठिपक्यावरून कुणालाच सांगता येणार नाही.

हा भेद लष्करी संशोधनात जुना आहे. अमेरिकी लष्करातल्या जॉन जॉन्सन यांनी १९५८ मध्ये मांडलं की वस्तू नुसती ‘आहे’ हे कळायला, ती कोणत्या प्रकारची आहे हे कळायला आणि ती नेमकी कोणती हे कळायला चढत्या भाजणीने जास्त बारकावा लागतो. कारच्या बाबतीत इशारा द्यायचा तर दुसरी पायरी तरी गाठायलाच हवी. नाहीतर गाडी वाटेतल्या प्रत्येक कोमट दगडावर कोकलेल आणि दोन दिवसांत चालक तिचा आवाज बंद करून टाकेल. म्हणून चित्र तीनशे मीटरचं असलं तरी अशा कॅमेऱ्याने भरवशाचा इशारा द्यायचं अंतर शंभर मीटरच्या आसपास राहतं. ठिपके दुप्पट, म्हणजे आडवे ६४० केले की तोच बारकावा दोनशे मीटरवर मिळतो, आणि किंमतही त्या मानाने वाढते.

शंभर मीटर पुरतात का? माजलगाव रस्त्यावरच्या आपल्या गाडीला शंभर मीटरवर इशारा मिळाला असं धरू. इशारा ऐकून चालक आधी समोर पाहील, काही दिसणार नाही, क्षणभर बिचकेल. म्हणून दीडऐवजी दोन सेकंद धरू. त्यात ४४ मीटर जातील, ब्रेकला ३५ लागतील, आणि गाडी त्या बाईच्या २० मीटर अलीकडे उभी राहील. एरवी ताशी ६५ ने बसणारी धडक टळली. मात्र हाच हिशेब धुळे–सोलापूर महामार्गाच्या चौपदरी पट्ट्यावर ताशी १०० ने केला तर गाडीला १११ मीटर लागतात आणि बाईपाशी वेग अजून ४४ चा असतो. शंभर मीटरचा इशारा ताशी ९० च्या थोडं वरपर्यंत वाचवतो. त्यापुढे तो धडक हलकी करतो, टाळत नाही.

डिसेंबर आणि मे

इथवरचा हिशेब बाई पार्श्वभूमीहून स्पष्टपणे उबदार आहे असं गृहीत धरून केला. कॅमेरा ‘माणूस’ पाहत नाही, तो ‘फरक’ पाहतो. आणि बीडमध्ये हा फरक महिन्यागणिक पालटतो.

डिसेंबरच्या पहाटे हवा बारा अंशांवर आलेली असते. डांबर रात्रभर निवलेलं, उसाचं पाचट दवाने गार. चेहरा, हात आणि अनवाणी पाय झगझगीत दिसतात. घोंगडी चांगली उबदार असेल तर तिचा बाहेरचा पृष्ठभाग थंडच राहतो. म्हणजे माणसाला जी ऊब देते तीच घोंगडी त्याला कॅमेऱ्यापासून झाकते. तरीही तिचा पृष्ठभाग हवेपेक्षा पाच-सहा अंश वर असतो, आणि विसाव्या भागाचा फरक ओळखणाऱ्या चकतीला तेवढं खूप झालं. तोडीचा हंगाम दिवाळी ते मार्च. या कॅमेऱ्याला सर्वांत सोयीचे महिने जवळजवळ हेच आहेत. जर्मनीच्या थंडीसाठी घडवलेली वस्तू बीडच्या कोयत्याला हंगामात नेमकी उपयोगी पडते.

आता मे महिन्यातली संध्याकाळ, साडेसातची. हवा ३४, दिवसभर तापलेलं डांबर अजून चाळिशीत. चेहऱ्याची त्वचा ३५, घामाने भिजलेला सदरा त्याहून थोडा थंड. माणूस आता पार्श्वभूमीहून उजळ नाही, उलट काळपट आहे, किंवा तिच्यात मिसळून गेला आहे. या तंत्राच्या लोकांनी या वेळेला नावच दिलं आहे, उष्णतेची अदलाबदल. दिवस मावळल्यावर एकदा आणि उगवल्यावर एकदा वस्तूंच्या तापमानाच्या रेषा एकमेकींना छेदतात आणि चित्र सपाट होतं. चकतीला दोन अंशांचा फरक तेव्हाही कळतो. अडचण तिथे नाही. अडचण ही की दगड, खांब, दुभाजक, टपरीचा पत्रा असं सगळंच तितकंच तापलेलं असतं, आणि ‘उजळ ते माणूस’ असं शिकलेलं सॉफ्टवेअर त्यात गोंधळतं.

यातही रस्त्याचा भूगोल महत्त्वाचा आहे. कॅमेरा जाळीत, म्हणजे जमिनीपासून दीड-दोन फुटांवर असतो. सपाट रस्त्यावर त्या उंचीच्या वरचं सगळं क्षितिजाच्या वर येतं. म्हणजे लांबच्या माणसाचे पाय तापलेल्या डांबरावर दिसतात, पण कंबर, छाती आणि डोकं मागच्या झाडांवर नाहीतर आकाशावर उमटतात. निरभ्र आकाश उष्णतेच्या कॅमेऱ्याला मे महिन्यातही कमालीचं थंड दिसतं. त्यामुळे गोदाकाठच्या सपाटीवर मे महिन्यातसुद्धा माणसाचा वरचा अर्धा भाग सापडतो. घाटात हे जमत नाही. मांजरसुंब्याच्या किंवा धारूरच्या घाटात वळणावरच्या माणसामागे आकाश नसतं, कापलेला काळा बेसाल्ट असतो. तो दिवसभर ऊन पितो आणि रात्री उशिरापर्यंत ओकत राहतो. त्या कातळासमोर उभा माणूस या कॅमेऱ्याची सगळ्यांत कठीण परीक्षा घेतो. आणि वळणावर तर मुळात शंभर मीटरची सरळ नजरच मिळत नाही.

आषाढात आणखी निराळं. मुक्ताईची पालखी बीडवरून, शेगावच्या गजानन महाराजांची परळी-अंबाजोगाईवरून पंढरीला जाते तेव्हा दिंड्या पहाटेच चालू लागतात. भिजलेले कपडे आणि भिजलेला रस्ता दोन्ही एकाच तापमानाला येतात, पावसाचे थेंब वाटेत किरण शोषतात आणि पल्ला घटतो. एक गंमत मात्र आहे. काचेपाशी अडणारे हे किरण पातळ पॉलिथिनमधून बऱ्यापैकी आरपार जातात. त्यामुळे डोक्यावरून प्लास्टिकचा कागद घेतलेला वारकरी झाकला जात नाही. दिंडीत वेगळाच पेच येतो. खांद्याला खांदा लावून चालणारी वीस माणसं मिळून एकच उजळ ढग होतात आणि एकेक माणूस मोजायला शिकलेलं सॉफ्टवेअर त्याला काय म्हणावं यात अडखळतं. डोक्यावर मोळी घेतलेल्या बाईचंही तसंच. खांद्यांच्या वर डोक्याच्या जागी आडवा, थंड भारा. आकारावरून माणूस शोधणाऱ्याला ती माणसासारखी दिसतेच असं नाही. संशोधक सर्रास वापरतात अशा खुल्या चित्रसंग्रहांपैकी एक २०१५ चा कोरियातला आहे, दुसरा २०१८ मध्ये एका अमेरिकी कंपनीने कॅलिफोर्नियाच्या रस्त्यांवरून जमवलेला. मोळी आणि दिंडी ही त्या रस्त्यांवरची दृश्यं नव्हेत.

थंड ट्रॉली

या कॅमेऱ्याची सर्वांत मोठी उणीव माणसाच्या बाबतीत नाहीच. हंगामात रात्री जिची धास्ती चालकाला असते ती उसाने खचाखच भरलेली, पंक्चर होऊन कडेला उभी राहिलेली ट्रॉली.

ट्रॅक्टर चालू असेल तर इंजिन, सायलेन्सर, चाकं सगळं लखलखीत दिसतं. पण ट्रॅक्टर सोडवून नेला आणि ट्रॉली तासभर उभी राहिली की टायर निवतात. ऊस हवेइतकाच थंड, वरचा थर तर आकाशाकडे उष्णता फेकून हवेहूनही गार. चित्रात एक करडा चौकोन उमटतो, नीट पाहिलं तर दिसतो. पण इशारा देणाऱ्या सॉफ्टवेअरला शिकवलेलं असतं माणूस आणि मोठं जनावर. करडा चौकोन त्याच्या यादीत नाही, म्हणून ते गप्प राहतं. गाडीत रडार असेल तरी अनेक यंत्रणा वेगात असताना अचल वस्तूंना कमी महत्त्व देतात, नाहीतर प्रत्येक कमानीपाशी आणि पाटीपाशी गाडी ब्रेक मारेल.

टायरगाडीची गोष्टही तिच्या फेरीवर अवलंबून आहे. पहाटे ती रिकामी जाते. मागून गाडीवानाची पाठ दिसते, सोबतच्या बायका दिसतात, कॅमेरा खूश. संध्याकाळी तीच गाडी भरून कारखान्याकडे निघते तेव्हा मागून दिसतो तो फक्त उसाचा ढीग. बैल आणि गाडीवान दोघंही त्या थंड ढिगाच्या पलीकडे झाकलेले. तीच माणसं, तीच जनावरं, तोच रस्ता, पण कॅमेऱ्याच्या लेखी पहाटे दहा जीव आणि संध्याकाळी शून्य.

इथे कारखान्यांनी आणि आरटीओने हंगामाच्या सुरुवातीला ट्रॉल्यांना, गाड्यांना लावायला दिलेल्या लाल-पांढऱ्या चमकत्या पट्ट्या कामाला येतात. अशी पट्टी उजेड आला त्याच दिशेने परत फेकते, त्यामुळे डिपरच्या झोताबाहेर सांडलेला उजेडही तिला पुरतो आणि ती दीडशे मीटरवरूनही चमकू शकते. अट एवढीच की तिच्यावर चिखल नको आणि वरून लोंबणारा ऊस नको. कोमट ते कॅमेऱ्याने पाहावं आणि थंड ते पट्टीने दाखवावं, अशी ही वाटणी आहे. एकाचं काम दुसऱ्याने होत नाही.

बाजारातला ‘नाइट व्हिजन’

ज्या गाड्यांत ही यंत्रणा कारखान्यातूनच बसून येते त्या बीडच्या रस्त्यावर क्वचित दिसतात. इथला चालक ‘नाइट व्हिजन’ म्हणून विकत घेतो तो बहुधा आरशाजवळ चिकटवायचा डॅशकॅम. विंडस्क्रीनच्या आतून काम करतो म्हणजे तो उष्णतेचा कॅमेरा नव्हे, हे आता वाचकाच्या लक्षात आलं असेल. मंद उजेडात बरं चित्र काढणारा तो साधा कॅमेरा असतो. डिपरच्या पलीकडे त्यालाही अंधारच दिसतो.

खरा उष्णतेचा कॅमेरा पारखायला दुकानात दोन मिनिटं पुरतात. कॅमेऱ्यासमोर हात धरा आणि मध्ये काचेचं एखादं तावदान घ्या. काचेपलीकडचा हात दिसत राहिला तर कॅमेरा उष्णतेचा नाही. मग हात काळ्या, पातळ कॅरीबॅगमध्ये घाला. उष्णतेच्या कॅमेऱ्याला तो पिशवीतूनही दिसेल. खऱ्या कॅमेऱ्याची आणखी एक खूण म्हणजे मधूनच ‘टिक्’ असा बारीक आवाज येतो आणि चित्र क्षणभर गोठतं. आतलं झापड एकदा मिटून कॅमेरा आपले सगळे ठिपके पुन्हा एका पातळीवर आणत असतो. तो बिघाड नाही. स्वस्त कॅमेऱ्यांत सेकंदाला नऊच चित्रं मिळतात, कारण त्याहून वेगवान कॅमेरे निर्यात करायला अमेरिकी नियमांत परवाना लागतो. ताशी ८० च्या वेगात दोन चित्रांमध्ये गाडी अडीच मीटर पुढे गेलेली असते. रस्ता ओलांडणाऱ्याची दिशा ओळखायची असेल तर हे फार अपुरं आहे. आणि तो खरा असला तरी नुसता पडदा देणार, इशारा नाही, म्हणजे कॅडिलॅकच्या वेळचा पेच पुन्हा उभा. एका हाताने गाडी आणि एका डोळ्याने पडदा हा सौदा रात्रीच्या रस्त्यावर परवडणारा नाही.

ज्यांच्याकडे कारखान्यातून बसवलेली यंत्रणा आहे त्यांनी हंगामात रोज जाळीतलं भिंग पुसावं. फडातून निघालेल्या चाकांची माती डांबरावर वाळते आणि पुढच्या गाडीमागून उडून थेट तिथे बसते. मातीचा थर बसला की चित्र काळं पडत नाही, फिकट आणि सपाट होतं, आणि चालकाला वाटतं की आज रस्त्यावर कुणी नाही.

परीक्षा कुठे घ्यायची

नियम हळूहळू रात्रीकडे वळत आहेत. युरोपातल्या गाड्यांना तारे देणारी युरो एनकॅप संस्था २०१८ पासून पादचाऱ्यासाठीच्या ब्रेकची चाचणी अंधारातही घेते. अमेरिकेने एप्रिल २०२४ मध्ये जाहीर केलेल्या नियमात रात्रीच्या चाचणीची अट आहे, मात्र ती कोणत्या कॅमेऱ्याने पार पाडायची हे कंपनीवर सोडलं आहे. आपल्याकडे ऑक्टोबर २०२३ पासून लागू झालेल्या भारत एनकॅपचा पहिला भर गाडीतल्या माणसावर राहिला. धडक झाल्यावर मोठ्यांचं आणि मुलांचं काय होतं, हा तिचा मुख्य प्रश्न.

जेव्हा केव्हा इथे रात्रीची परीक्षा ठरेल, तेव्हा ती युरोपची नक्कल असू नये. तिथली चाचणी सपाट धावपट्टीवर, सुट्या आणि हात मोकळे असलेल्या पुतळ्यावर होते. बीडमध्ये त्यासाठी तीन रात्री पुरतील. डिसेंबरच्या पहाटे माजलगाव रस्त्यावर घोंगडी पांघरलेला, डोक्यावर मोळी घेतलेला, शरीराच्या तापमानाला तापवलेला पुतळा. मे महिन्यात दिवस मावळल्यावर अर्ध्या तासाने धारूर घाटात, कातळापुढे उभा केलेला तोच पुतळा. आषाढातल्या पावसात अंबाजोगाईजवळ प्लास्टिक पांघरलेले वीस पुतळे, अगदी जवळजवळ. आणि तिन्ही रात्री रस्त्याच्या कडेला, पट्टी न लावलेली, भरलेली एक ट्रॉली.

या चारही बाबतींत इशारा किती मीटरवर मिळाला, तो आकडा माहितीपत्रकात छापावा. पहिल्या रात्रीचा आकडा उत्तम येईल अशी माझी अटकळ आहे, दुसऱ्या रात्रीचा लाजिरवाणा, आणि ट्रॉलीपुढे एक रेघ. गाडी घेणाऱ्याला ‘तीनशे’पेक्षा त्या रेघेवरून जास्त कळेल.